कोमोरेबि आणि कवडसा

जपानी भाषेंत कांहीं शब्द असे आहेत कीं, त्यांस इंग्रजींत प्रतिशब्द नाहीं, असें वारंवार सांगण्यांत येतें. अशा शब्दांच्या याद्याहि आतां पुष्कळ झाल्या आहेत, आणि त्यांत पहिला मान बहुधा 'कोमोरेबि' या शब्दाला मिळतो. झाडांच्या पानांमधून खालीं उतरणारें ऊन, असा त्याचा अर्थ. इंग्रजींतून जपानची ओळख करून घेणारा मराठी वाचक हें विधान जसेंच्या तसें उचलतो, आणि इंग्रजींत जो शब्द नाहीं तो आपल्याकडेहि नसणारच, असें नकळत धरून चालतो. वस्तुतः इंग्रजीची उणीव ती मराठीची उणीव असलीच पाहिजे, असा कांहीं नियम नाहीं. जपानी शब्दाचा अर्थ मराठींत सांगावयाचा, तर तो इंग्रजीच्या दारावरून वळसा घेऊन कां आणावा? हा वळसा टाळला तर काय हातीं लागतें, तें पाहण्याकरितां प्रस्तुत लेखांत आम्ही दोनच शब्द घेत आहों. एक डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूचा आहे, दुसरा मनांतल्या भावाचा.

जपानी शब्दांचा अर्थ युरोपीय भाषेंत सांगण्याचा पहिला मोठा उद्योग इंग्रजांनीं केलेला नाहीं. तो जेसुइट पाद्र्यांनीं पोर्तुगीज भाषेंत केला, आणि त्याची वाट गोव्यावरून जाते. इ. स. १५८२ त क्यूशू बेटांतील चार जपानी मुलें नागासाकीहून युरोपच्या प्रवासास निघालीं. परततांना तीं १५८७ त गोव्यास पोहोंचलीं. त्यांच्या सामानांत युरोपांतून आणलेलें एक छापण्याचें यंत्र होतें. गोव्यास मुक्काम असतांना त्यांच्यापैकीं हारा मार्तिन्यो यानें केलेलें एक लॅटिन भाषण १५८८ त तेथें छापून निघालें. पुढें १५९० त तें यंत्र जपानांत पोहोंचलें, आणि जेसुइटांच्या जपानांतील छापखान्यांतून १६०३ त नागासाकी येथें जपानी-पोर्तुगीज कोश बाहेर पडला. त्याची पुरवणी दुसऱ्या वर्षीं आली. त्यांत सुमारें बत्तीस हजार शब्द आहेत. त्याच काळांत गोव्यामध्यें फादर स्टीफन्स हा त्याच पंथाचा इंग्रज पाद्री आपल्या भाषेचा अभ्यास करीत होता, आणि १६१६ त त्याचें 'क्रिस्तपुराण' छापलें गेलें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच.

या जुन्या कोशाची एक पद्धत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शब्दाचा अर्थ देऊन कोशकार थांबत नाहींत. हा शब्द क्यूशूकडे चालतो, हा राजधानी क्योतोच्या बाजूचा आहे, हा स्त्रियांच्या बोलण्यांतला, हा काव्यांतला, हा हलक्या लोकांच्या तोंडचा, अशा खुणा ते जागोजाग करीत जातात. शब्दाला अर्थ असतो तसें घरहि असतें, आणि तें घर सांगितल्यावांचून अर्थ पुरा होत नाहीं, ही गोष्ट त्यांना कळली होती. कारण उघड आहे. त्यांना ग्रंथ लिहावयाचे होते तसेंच लोकांशीं बोलावयाचेंहि होतें; चुकीच्या घरचा शब्द वापरला तर ऐकणारा हंसत असे.

इंग्रजी कोश त्यानंतर अडीचशेंहून अधिक वर्षांनीं आला. हेपबर्न नांवाच्या अमेरिकन वैद्य-मिशनऱ्यानें केलेला जपानी-इंग्रजी कोश १८६७ त निघाला. म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ त प्रसिद्ध होऊन त्याची दुसरी आवृत्ति १८५७ त निघाल्यानंतरचा हा काळ होय. तेव्हांपासून जपानी शब्दांची जगाला झालेली ओळख मुख्यतः इंग्रजी प्रतिशब्दांच्या मार्फत झाली. जेथें प्रतिशब्द सांपडला नाहीं, तेथें 'हा शब्द भाषांतर न होणारा' असा शिक्का बसला. पण एकेरी प्रतिशब्द नसणें निराळें आणि अर्थ सांगतां न येणें निराळें. शिवाय, प्रतिशब्द कोणत्या घरचा असावा, हा जुन्या कोशकारांचा प्रश्न तर या याद्यांतून पार नाहींसा झाला आहे.

येथें जपानी भाषेच्या घडणीविषयीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. मराठींत जसे एकीकडे ऊन, पाऊस, झाड, घर हे बोलीचे शब्द आणि दुसरीकडे सूर्यप्रकाश, पर्जन्य, वृक्ष, गृह हे संस्कृत शब्द, असे दोन थर आहेत, तसेच दोन थर जपानींतहि आहेत. एक मूळचा जपानी. दुसरा चिनी लिपीबरोबर आणि चिनी ग्रंथांबरोबर आलेला. 'हि' म्हणजे ऊन किंवा सूर्य, हा पहिल्या थरांतला शब्द; 'निक्को' म्हणजे सूर्यप्रकाश, हा दुसऱ्या थरांतला. पहिला थर घरांत आणि कवितेंत वावरतो. दुसरा शास्त्रांत, धर्मांत आणि कचेरींत. मराठी माणसाला हा भेद समजावून द्यावा लागत नाहीं. तो त्याच्या जिभेवरच असतो. इंग्रजींतहि असे थर आहेत, पण ते आपल्या थरांशीं असे समोरासमोर बसत नाहींत. यावरून आम्हांस असें वाटतें कीं, जपानी शब्दाचा मराठी अर्थ शोधतांना प्रथम त्याचा थर पाहावा, आणि आपल्याकडचा शब्द त्याच थरांतून घ्यावा.

आतां 'कोमोरेबि' पाहूं. हा शब्द तीन तुकड्यांचा आहे. 'कि' म्हणजे झाड. समासांत त्याचा 'को' होतो, जसें झाडाच्या सावलीला 'कोकागे' म्हणतात. 'मोरे' हें 'मोरेरु' या क्रियापदाचें अंग. त्याचा अर्थ फटींतून गळणें, झिरपणें. शेवटचा 'बि' म्हणजे वर सांगितलेला 'हि'. समासांत मागच्या पदाला जोडतांना 'ह'चा 'ब' झाला. संधीची संवय असलेल्या वाचकाला यांत नवल वाटणार नाहीं. तिन्ही तुकडे मूळ जपानी थरांतले आहेत. अर्थ जुळवला तर 'झाडांतून गळलेलें ऊन' असा होतो.

यांतील 'गळणें' हें अंग फार महत्त्वाचें आहे. पावसाळ्यांत छप्पर गळतें, त्याला जपानींत 'आमामोरि' म्हणतात. 'आमे' म्हणजे पाऊस, आणि 'मोरि' हें याच क्रियापदाच्या कुळांतलें. दहाव्या शतकाच्या आरंभीं संकलित झालेल्या 'कोकिनशू' या प्रसिद्ध काव्यसंग्रहांत शरद्ऋतूच्या भागांत एका अज्ञात कवीची कविता आहे. तींत झाडांमधून चांदणें गळतें तें याच क्रियापदानें सांगितलें आहे. म्हणजे उजेड पाण्यासारखा फटींतून खालीं येतो, ही कल्पना तेथें हजार वर्षांहून जुनी आहे. आणि तिचें मूळ एखाद्या गूढ तत्त्वज्ञानांत शोधण्याचें कारण नाहीं. जें क्रियापद गळक्या छपराला लागतें, तेंच वनांतल्या उन्हाला लागलें आहे.

छपराची गोष्ट निघाली म्हणजे मराठी माणसाला आपला 'कवडसा' आठवल्याशिवाय राहत नाहीं. कौलारू घरांत दुपारच्या वेळीं एखाद्या फुटक्या कौलांतून किंवा सरकलेल्या नळ्यांतून उन्हाची तिरीप येते आणि जमिनीवर उजेडाचा वाटोळा ठिपका पडतो, तो कवडसा. ज्या भोकांतून आषाढांत थेंब पडतो, त्याच भोकांतून वैशाखांत कवडसा पडतो. पावसापूर्वीं घर शाकारतांना कवडसे पाहूनच गळतीच्या जागा ओळखतात. जपानी भाषेनें 'आमामोरि' आणि 'कोमोरेबि' यांत एकच क्रियापद घालून जें नातें दाखविलें, तें आपल्याकडे शब्दांत नसलें तरी अनुभवांत जसेंच्या तसें आहे.

एवढ्यावरून 'कोमोरेबि म्हणजे कवडसा' असें मात्र म्हणतां येईल काय? दोन्ही वस्तू मुळांत एकच आहेत काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. छपरांतल्या भोकाचा आकार कसाहि वेडावांकडा असला तरी कवडसा बहुधा वाटोळा पडतो. याचें कारण असें कीं, भोंक लहान आणि जमीन दूर असली म्हणजे जमिनीवर पडतें तें भोकाचें चित्र नसून सूर्याचें चित्र असतें. त्याचा व्यास अंतराच्या सुमारें एकशें आठाव्या हिश्श्याइतका असतो. पंधरा फूट उंचीवरच्या बारीक भोकांतून, सूर्य डोक्यावर असतांना, पडलेला कवडसा सुमारें पावणेदोन इंच रुंद भरेल. सूर्य कललेला असेल तर तो लांबट होतो. झाडाखालींहि हेंच घडतें. पानांमधल्या फटी वाटोळ्या नसतात, तरी उंच झाडाखालचे उन्हाचे ठिपके वाटोळे असतात. आणि खंडग्रास ग्रहणाच्या वेळीं त्या सगळ्या ठिपक्यांच्या एकदम कोरी होतात. अगदीं खालच्या फांदीच्या मोठ्या फटीखालीं मात्र ठिपका फटीच्याच आकाराचा दिसतो. यावरून छपराखालचा कवडसा आणि झाडाखालचें ऊन या दोन निराळ्या वस्तू नव्हत. एकाच वस्तूचीं तीं दोन घरें आहेत.

तरीहि शब्दांचे कांठ पुरते जुळत नाहींत, आणि कोठें जुळत नाहींत तें सांगणें हाच अर्थ सांगण्याचा खरा भाग होय. कवडसा एकेक मोजतां येतो. कोमोरेबि हें समुदायाचें नांव आहे. कवडसा आरशानेंहि पाडतां येतो. मुलें भिंतीवर तसा पाडतात. कोमोरेबीला झाड लागतेंच. चांदण्याचाहि कवडसा पडतो; पण कोमोरेबींतला 'बि' उन्हाला बांधलेला आहे. शेवटीं, कवडसा म्हटला कीं डोळा जमिनीवरच्या ठिपक्याकडे जातो. कोमोरेबींत जमिनीवरचे ठिपके, मधली उजेडाची तिरीप आणि पानांच्या हालण्याबरोबर होणारी चाळवाचाळव, हीं सर्व येतात. म्हणून 'कोमोरेबि' याचा अर्थ द्यावयाचा तर आम्ही असा देऊं: 'पानांतले कवडसे; झाडांच्या फटींतून गळणारें ऊन.' पहिल्या भागांत आपला शब्द आहे, तो अनेकवचनांत. दुसऱ्यांत मूळ शब्दाची घडण आहे. 'तरुपर्णच्युतरविकिरण' असा एखादा समास करतां येईल, आणि तो व्याकरणानें निर्दोषहि ठरेल. पण तो दुसऱ्या थरांतला झाला. तो वाचून कोणाच्याहि डोळ्यांपुढें ऊन पडणार नाहीं.

इंग्रजीचें काय होतें तेंहि येथें दिसतें. तेथें 'डॅपल्ड शेड' म्हणतात. म्हणजे ठिपक्याठिपक्यांची सावली. वस्तु तीच, पण नांव सावलीला दिलें आहे. जपानी समासाचा शेवटचा शब्द ऊन आहे, आणि मराठी कवडसाहि उजेडच आहे. इंग्रज सावली पाहतो आणि तींत उजेडाचे ठिपके आहेत म्हणतो. जपानी आणि मराठी माणूस उजेड पाहतो. म्हणून या एका ठिकाणीं तरी इंग्रजीच्या वाटेनें जाणाऱ्या मराठी वाचकाचें नुकसानच होतें.

दुसरा शब्द याहून अवघड आहे: 'मोनो नो आवारे'. 'मोनो' म्हणजे वस्तु, गोष्ट. 'नो' हा षष्ठीचा प्रत्यय. 'आवारे' याचाच काय तो प्रश्न. या शब्दप्रयोगाला आजचें महत्त्व आलें तें मोतोओरि नोरिनागा (१७३०–१८०१) या पंडितामुळें. तो इसे प्रांतांतल्या मात्सुसाका गांवीं वैद्यकी करी आणि जुन्या जपानी ग्रंथांवर भाष्यें लिही. अकराव्या शतकाच्या आरंभींची मुरासाकी शिकिबु हिची 'गेंजी मोनोगातारि' ही कादंबरी हा त्याच्या आवडीचा विषय. त्या कादंबरींत नायकाचे पुष्कळ प्रेमसंबंध आहेत आणि त्यांत आपल्या बापाच्या राणीशीं केलेला अपराधहि आहे. कन्फ्यूशियसच्या मताचे पंडित म्हणत, ही कथा दुराचाराचा परिणाम दाखवून धडा देण्याकरितां लिहिली. बौद्ध पंडित म्हणत, संसार अनित्य आहे हें पटविण्याकरितां लिहिली. नोरिनागानें १७६३ त आणि पुढें आपल्या उतारवयांतल्या मोठ्या भाष्यांत या दोन्ही मतांना विरोध केला. कथा नीति शिकविण्याकरितां नाहीं आणि वैराग्याकरितांहि नाहीं. ती 'मोनो नो आवारे' जाणण्याकरितां आहे, असें त्याचें म्हणणें. यासाठीं त्यानें दिलेला दृष्टांत आपल्याला ओळखीचा वाटेल: कमळाची आवड असणारा माणूस घाणेरडें चिखलाचें पाणी सांठवून ठेवतो, तें चिखलाच्या आवडीनें नव्हे. 'पंकज' हा शब्द ज्या भाषेंत रोजचा आहे, तिच्या वाचकाला याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

'आवारे' याची नोरिनागानें दिलेली व्युत्पत्ति अशी कीं, तो मुळांत उद्गार आहे. कांहीं पाहून किंवा ऐकून मन हाललें म्हणजे तोंडून जो 'आ' किंवा 'हारे' निघतो, त्यांचा तो जोड. फुललेलीं झाडें पाहून निघतो तोहि आवारे, आणि मरणाची बातमी ऐकून निघतो तोहि आवारेच. पुढें शब्द दुःखाकडे झुकला आणि त्याला शोकाचें चिनी अक्षर लावूं लागले. तसें कां झालें, हेंहि तो सांगतो: आनंदानें मन हालतें तें फार खोल नसतें, दुःखानें हालतें तें खोल असतें, म्हणून खोल हालण्याचें नांव दुःखालाच चिकटलें.

आतां याचा मराठी अर्थ काय? इंग्रजींतून येणारा लेखक येथें बहुधा 'अनित्यतेची जाणीव' किंवा 'क्षणभंगुरतेचा विषाद' असें लिहून मोकळा होतो. इंग्रजी पुस्तकांत तसेंच असतें, आणि आपल्याजवळ हे संस्कृत शब्द तयारच असतात. पण येथेंच मोठी चूक होते. जपानींत अनित्यतेला स्वतंत्र शब्द आहे, 'मुजो'. तो आपल्याच 'अनित्य' या बौद्ध शब्दाचें चिनीवरून आलेलें भाषांतर होय. तो चिनी थरांतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'अनित्यता' असाच दिला पाहिजे; तेथें आपण इंग्रजीपेक्षां मूळाच्या जवळ आहों. परंतु तोच शब्द आवारेला लावला तर नोरिनागानें ज्या मताशीं जन्मभर वाद घातला, तेंच मत आपण त्याच्या तोंडीं घालतों. जी कथा वैराग्याकरितां नाहीं असें तो सांगत होता, ती मराठी वाचकाला वैराग्याचीच वाटूं लागते. एका शब्दाच्या चुकीनें एका ग्रंथकाराचा सगळा पक्ष उलटा होतो. संस्कृताची संपत्ति येथें आपल्याला मदत न करतां अडवते. इंग्रजाला ही अडचण नाहीं, कारण त्याच्याजवळ ही संपत्ति नाहीं.

तेव्हां पुन्हां थराकडे वळलें पाहिजे. 'आवारे' उद्गारांतून निघालेला, घरचा शब्द आहे. आपल्याकडे उद्गार आहेत, पण त्यांची वांटणी झाली आहे: सुखाला 'अहाहा' आणि दुःखाला 'अरेरे'. दोहोंना मिळून एक उद्गार नाहीं. म्हणून आवारेचा अर्थ सांगण्याची पहिली पायरी अशी: 'अहाहा आणि अरेरे हे अजून वेगळे झाले नाहींत, अशा वेळचा उद्गार.' हें वाक्य आहे, शब्द नव्हे. पण मराठी कान असलेल्याला तें तत्काळ कळतें.

नाम हवें असेल तर 'हळहळ', 'हुरहूर', 'कळवळा', 'गहिवर' हे शब्द पुढें येतात. हळहळ केवळ दुःखाची. हुरहूर पुढच्या गोष्टीची. कळवळा दुसऱ्या जीवाविषयींचा. गहिवर मात्र दोन्हीकडे चालतो. मुलगी सासरीं जातांना गहिवर येतो, आणि पुष्कळ वर्षांनीं भाऊ भेटला म्हणजेहि गहिवर येतो. तो ठरवून आणतां येत नाहीं, आणि त्याला कारण विचारलें तर माणूस गोंधळतो. या गुणांनीं तो आवारेच्या फार जवळ जातो. उणें तें एवढेंच कीं, गहिवर कंठांत येतो, डोळे भरतात. आवारे इतका तीव्र असेलच असें नाहीं. शिवाय गहिवर बहुधा माणसामाणसांतला. आवारे मात्र फूल, चंद्र, पाऊस, रिकामें अंगण यांनींहि येतो. म्हणून 'मोनो नो आवारे' याचा अर्थ आम्ही असा देऊं: 'वस्तुमात्राचा गहिवर, मात्र कंठ दाटण्यापूर्वींचा.' आणि नोरिनागा जेथें 'मोनो नो आवारे जाणणें' म्हणतो, तेथें 'कशानें मन हालावें तें ओळखणें' असें लिहूं. कारण त्याच्या मतें हा नुसता भाव नसून ओळख आहे. जेथें मन हालावयास हवें तेथें ज्याचें हालत नाहीं, त्याला ती ओळख नाहीं.

दोन शब्दांच्या या विचारांतून एक साधी रीत हातीं येते. आधीं शब्द फोडून त्याची घडण पाहावी. मग तो कोणत्या थरांतला, तें ठरवावें. मग आपल्या त्याच थरांतला जवळचा शब्द घ्यावा. आणि शेवटीं जें उरतें तें लपवून न ठेवतां एका वाक्यांत सांगावें. हें उरलेलें सांगणें कमीपणाचें नाहीं. नागासाकीच्या कोशकारांनीं बत्तीस हजार शब्दांच्या बाबतींत जागोजाग तेंच केलें. प्रतिशब्द सांपडला नाहीं म्हणून हात टेंकणें आणि मोठा समास करून विषय मिटविणें, या दोन्ही गोष्टी त्यांनीं टाळल्या.

जपानच्या वाङ्मयाचें मराठींत जें भाषांतर होतें, त्याचा पुष्कळ भाग अद्याप इंग्रजीवरून होतो. तें चालूं राहील तोंवर निदान एवढें तरी व्हावें कीं, इंग्रज अनुवादक जेथें अडला तेथें मराठी अनुवादकानें आपणहि अडावें, असा आग्रह धरूं नये. त्यानें आधीं आपल्या घराचें छप्पर पाहावें. कवडसा तेथें पडलेला आहे.